क्रिएटिन, टेस्टोस्टेरॉन आणि केशपतन : एका प्रवादाचा उगम व परीक्षण

प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या संहितांत शोधून सापडणार नाही; परंतु शिरूर व दौंड तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना तो नवा नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, दोन्ही तालुक्यांत तालमी आहेत आणि गेल्या काही वर्षांत गावोगावी व्यायामशाळाही निघाल्या आहेत. भरतीची तयारी करणारे व शरीर कमावणारे तरुण आपल्याकडे येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत पांढऱ्या भुकटीचा एक डबा असतो आणि मनात दोन शंका असतात. क्रिएटिनने पुरुषत्वाचे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, कमी होते काय, ही पहिली. त्याने डीएचटी वाढून टक्कल पडते काय, ही दुसरी. पहिली शंका बहुधा विवाह ठरल्यावर विचारली जाते, दुसरी विवाह ठरण्यापूर्वी.

या दोन शंका एकमेकींशी फारशा जुळणाऱ्या नाहीत, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. डीएचटी, म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, हे टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. पाच-अल्फा रिडक्टेज नावाचे विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर या अधिक प्रभावी संप्रेरकात करते. कच्चा माल घटला आणि पक्का माल मात्र वाढला, असे एकाच वेळी घडणे अगदीच अशक्य नाही. पण तसे सांगणाऱ्याने पुरावा द्यावयास हवा. प्रत्यक्षात या दोन शंकांचे उगम निरनिराळे आहेत.

द्रव्याचा अल्प परिचय

क्रिएटिन हे संप्रेरक नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरल यांनी १८३२ साली ते मांसरसातून वेगळे केले आणि मांसवाचक ग्रीक शब्दावरूनच त्याला नाव दिले. आपले यकृत, वृक्क व अग्न्याशय मिळून तीन अमिनो आम्लांपासून ते रोज सुमारे १ ग्रॅम तयार करतात. मिश्राहारी मनुष्याला तेवढेच आहारातून मिळते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात त्याचा साठा १२० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यातील बहुतांश मांसपेशींत असतो. थोड्या सेकंदांच्या जोरकस श्रमात पेशीतील ऊर्जा चटकन भरून काढणे, हे त्याचे कार्य. डाव टाकताना, वजन उचलताना किंवा शंभर मीटर धावताना त्याचा उपयोग होतो. राखीव दलाच्या पाच किलोमीटर धावेत मात्र त्याचा लाभ फारसा दिसत नाही. उलट पेशींत पाणी साठून वजन किलो-दीड किलो वाढते, ते धावणाऱ्याला ओझेच होते.

बाजारातील भुकटी रासायनिक रीतीने बनवितात, मांसातून काढीत नाहीत. माळकरी घरातील मुले हे आवर्जून विचारतात म्हणून येथे नमूद केले. शाकाहारी व्यक्तीच्या पेशींतील साठा मुळात कमी असल्याने तिला या द्रव्याचा परिणाम अधिक जाणवतो.

संप्रेरकांच्या शृंखलेशी क्रिएटिनचा थेट संबंध दाखविणारी कोणतीही क्रिया ज्ञात नाही. ते वृषणाला आज्ञा देत नाही, पीयूषिका ग्रंथीला दाबत नाही आणि त्याची रचनाही स्टेरॉइडसारखी नाही. मग डीएचटीचा प्रवाद आला कोठून?

स्टेलनबॉश येथील अभ्यास

या प्रवादाचा जन्म बऱ्यापैकी नेमका सांगता येतो. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठाचे व्हॅन डर मर्वे, ब्रूक्स व मायबर्ग या तीन संशोधकांनी २००९ साली क्रीडावैद्यकाच्या एका नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन वयाच्या २० रग्बी खेळाडूंनी त्यात भाग घेतला होता. पहिले सात दिवस रोज २५ ग्रॅम क्रिएटिन व २५ ग्रॅम ग्लुकोज आणि पुढील चौदा दिवस रोज ५ ग्रॅम क्रिएटिन व २५ ग्रॅम ग्लुकोज, असा क्रम होता. दुसऱ्या फेरीत क्रिएटिनऐवजी केवळ ग्लुकोज दिले. दोन फेऱ्यांमध्ये सहा आठवड्यांचे अंतर ठेवले आणि फेऱ्यांचा क्रम खेळाडूंत अदलाबदलीने योजला, म्हणजे प्रत्येक खेळाडू स्वतःच स्वतःच्या तुलनेला होता. रक्त आरंभी, सातव्या दिवशी व एकविसाव्या दिवशी तपासले.

निष्कर्ष असा : टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक पडला नाही. डीएचटी सातव्या दिवशी ५६ टक्क्यांनी वाढले आणि एकविसाव्या दिवशीही मूळ पातळीपेक्षा सुमारे ४० टक्के अधिक राहिले.

छप्पन्न टक्के हा आकडा भयप्रद आहे आणि पुढे जगभर पसरला तो हाच. परंतु टक्केवारी ज्या अंकांवरून काढली ते अंक पाहिल्यावाचून तिला अर्थ नसतो. क्रिएटिनच्या फेरीत आरंभीचे सरासरी डीएचटी ०.९८ नॅनोमोल प्रति लिटर होते. ते सातव्या दिवशी १.५३ व एकविसाव्या दिवशी १.३८ झाले. केवळ ग्लुकोजच्या फेरीत आरंभ १.२६ पासून झाला आणि पुढे ते १.०९ व १.०६ असे किंचित उतरले. आपल्याकडील प्रयोगशाळा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर वापरतात. त्या मापात ०.९८ म्हणजे सुमारे २८ आणि १.५३ म्हणजे सुमारे ४४. प्रौढ पुरुषाची प्राकृत मर्यादा साधारण ३० ते ८५ मानली जाते. म्हणजे 'वाढलेले' डीएचटी प्राकृत मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागातच राहिले. खरे तर आरंभीचा अंकच नीचतम सीमेवर होता.

याहून महत्त्वाचा मुद्दा आरंभीच्या दोन अंकांतील फरकाचा आहे. दोन्ही फेऱ्यांत खेळाडू तेच होते. आरंभीचे रक्त घेतले तेव्हा त्या त्या फेरीतील भुकटी सुरू झालेली नव्हती. तरीही एका वेळी सरासरी ०.९८ आणि दुसऱ्या वेळी १.२६ आली. याचा अर्थ, हे द्रव्य न देताही या गटाचे डीएचटी ०.२८ ने मागेपुढे होत होते. झालेली वाढ होती ०.५५. तिच्यातील निम्मा भाग केवळ खालून सुरुवात झाल्यामुळे दिसत असावा, ही शंका रास्त ठरते. जी राशी योगायोगाने खाली मोजली गेली ती पुढल्या वेळी वर येण्याकडे झुकते. जी वर मोजली गेली ती खाली येते. येथे एका फेरीत वाढ व दुसऱ्या फेरीत घट झाली आणि या दोहोंतील अंतर मिळून संख्याशास्त्रीय फरक सिद्ध झाला. ग्लुकोजच्या आरंभीच्या १.२६ शी तुलना केली, तर १.५३ ही वाढ जेमतेम २१ टक्के भरते.

संशोधकांनी अप्रामाणिकपणा केला असे यातून मुळीच सूचित करावयाचे नाही. त्यांनी एक निरीक्षण नोंदविले आणि पुढील अभ्यासाची गरज सांगितली. त्यांनी एकाही खेळाडूचा केस मोजला नव्हता. टकलाचा उल्लेख लोकांनी मागाहून जोडला, आणि तो जोडणे सोपे होते. कारण डीएचटी व पुरुषी टक्कल यांचा संबंध पूर्वीपासून सिद्ध आहे. हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखविले की, वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र प्रवृत्ती असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिले तर पडते. पाच-अल्फा रिडक्टेज जन्मतः नसलेल्या पुरुषांचे वर्णन १९७४ साली झाले. त्यांनाही असे टक्कल पडत नाही. याच विकराला रोखणारे फिनास्टेराइड १९९७ साली अमेरिकेत टकलावरील औषध म्हणून मान्य झाले. ही पार्श्वभूमी असताना 'क्रिएटिनने डीएचटी वाढते' या वाक्यातून 'क्रिएटिनने टक्कल पडते' हे वाक्य निघावयास वेळ लागला नाही. मधली पायरी कोणी तपासली नाही एवढेच. रक्तातील डीएचटी व केशमूळातील डीएचटी यांचे प्रमाण एकच नसते आणि टक्कल पडणे हे मुख्यतः केशमूळाच्या आनुवंशिक संवेदनशीलतेवर ठरते. त्यामुळे रक्तातील पातळी प्राकृत असणाऱ्या असंख्य पुरुषांना टक्कल पडते.

पुढील अभ्यास काय सांगतात

२००९ चा हा निष्कर्ष नंतर कोणालाही पुन्हा मिळालेला नाही. २०२१ साली अँटोनिओ व सहकाऱ्यांनी क्रिएटिनविषयीच्या सर्व शंकांचा परामर्श घेतला. त्यात टेस्टोस्टेरॉन मोजलेले आणखी बारा अभ्यास त्यांनी पाहिले. मात्रा रोज ३ ते २५ ग्रॅम व कालावधी सहा दिवस ते बारा आठवडे. दहा अभ्यासांत काहीही बदल आढळला नाही. दोहोंत किंचित वाढ आढळली, पण शरीरव्यापारावर परिणाम करील एवढी ती नव्हती. घट कोठेही नाही. म्हणजे पहिल्या शंकेला, टेस्टोस्टेरॉन घटण्याच्या शंकेला, तर स्टेलनबॉशएवढाही आधार नाही.

केस प्रत्यक्ष मोजणारा अभ्यास २०२५ साली इराणमधील संशोधकांनी प्रसिद्ध केला. व्यायाम करणाऱ्या ४५ पुरुषांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून बारा आठवडे रोज ५ ग्रॅम क्रिएटिन किंवा ५ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन दिले. शेवटपर्यंत ३८ जण राहिले. डीएचटी, त्याचे टेस्टोस्टेरॉनशी गुणोत्तर, केसांची घनता, जाडी व वाढीच्या अवस्थेतील केसांचे प्रमाण, यांपैकी कशातही दोन गटांत भेद दिसला नाही. एकूण टेस्टोस्टेरॉन दोन्ही गटांत वाढले आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन दोन्ही गटांत घटले, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. या अभ्यासात तुलनेचा गट नसता तर 'क्रिएटिनने मुक्त टेस्टोस्टेरॉन घटते' असा आणखी एक प्रवाद तयार झाला असता.

या अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुरुषी टक्कल हे वर्षानुवर्षे सरकते. बारा आठवड्यांत त्याचा अंतिम निर्णय होत नाही. ज्याच्या घरात पंचविशीतच टक्कल पडते अशाच तरुणांवर वेगळा अभ्यास झालेला नाही. म्हणून अशा रुग्णाला 'पुरावा तुझ्या भीतीच्या विरुद्ध आहे, पण तुझ्यासारख्यांवर तो दीर्घकाळ तपासलेला नाही' असे सांगणे उचित होईल. मी तसेच सांगतो. त्यावर डबा ठेवावा की टाकावा, हे त्याने ठरवावे.

टेस्टोस्टेरॉन खरोखरच कमी आढळले तर

पहिल्या शंकेचा उगम कोण्या शोधनिबंधात नाही. माझ्या मते तो व्यायामशाळेतील एका घालमेलीत आहे : तेथे भुकटी, गोळी व इंजेक्शन या तिन्ही गोष्टींना 'सप्लिमेंट' हे एकच नाव आहे. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मेथॅन्डिनोन आढळले तेव्हा गावोगावी पावडरींवर चर्चा झाली. ते आपल्या अन्नपाण्यात कोणी मिसळले असे त्यांचे म्हणणे होते; राष्ट्रीय संस्थेने ते मानले, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानले नाही. मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड असून निषिद्ध आहे. क्रिएटिन निषिद्ध सूचीत नाही. पण चर्चेत हा भेद राहिला नाही. वस्तुतः स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बंद पाडण्याचे काम स्टेरॉइड करते.

ते कसे, हे एका रुग्णवृत्तावरून पाहू. ओळख पटू नये म्हणून हे वृत्त अनेक नोंदींच्या मिश्रणातून रचले आहे. वय २६, भीमाकाठचे गाव, भरतीची तयारी. तक्रारी : केस विरळ होणे, कामेच्छा मंदावणे, थकवा, डाव्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ. चार महिन्यांपासून रोज एक चमचा क्रिएटिन. 'याच्यामुळेच झाले' असे मित्रांचे निदान. सकाळी आठ वाजता उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन १४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे ३०० या नेहमीच्या नीचतम सीमेच्या निम्म्याहून कमी. हिमोग्लोबिन मात्र १७.८.

येथे निदान एलएच व एफएसएच या पीयूषिकेच्या दोन संप्रेरकांवर अवलंबून असते. वृषण स्वतः दुर्बल असेल तर पीयूषिका त्याला हाकारत राहते आणि हे दोन्ही अंक वाढतात. या रुग्णात एलएच ०.४ व एफएसएच ०.६ होते, म्हणजे पीयूषिकाच गप्प होती. रक्तात बाहेरून पुरेसा पुंसंप्रेरक येत असला की ती अशी गप्प बसते. बाहेरचा पुरवठा थांबल्यावरही तिला जागे व्हावयास कित्येक आठवडे ते महिने लागतात, आणि या मधल्या काळात मनुष्य दोन्हीकडून रिता राहतो. वाढलेले हिमोग्लोबिन हा मागे राहिलेला पुरावा; रक्तकण सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे द्रव्य निघून गेल्यावरही त्याची खूण टिकते. मित्रांना बाहेर बसवून पुन्हा विचारले असता 'ताकदीचे' इंजेक्शन दर आठवड्याला एक, असे दहा घेतल्याचे व शेवटचे दीड-दोन महिन्यांपूर्वी झाल्याचे कळले. स्तनातील गाठ, कामेच्छा आणि प्रवृत्ती असल्यास केसही, या सर्वांचा उलगडा त्या दहा इंजेक्शनांतून होतो. क्रिएटिनचा डबा केवळ समोर दिसत होता म्हणून पकडला गेला.

इंजेक्शनाचा इतिहास नसताना असा अहवाल आला, तर पीयूषिकेचा विकार मनात आणावा. डोकेदुखी किंवा दृष्टिक्षेत्र आक्रसणे विचारावे, प्रोलॅक्टिन तपासावे आणि रुग्ण संप्रेरकतज्ज्ञाकडे पाठवावा. इतिहास असेल तरी वीर्यतपासणी करून घ्यावी, कारण शुक्राणू शून्यावर आलेले असू शकतात. आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा पाहावे. या मधल्या काळात वाजीकरण द्रव्ये देऊन सुधारणेचे श्रेय घेण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. यातील बहुतेक रुग्ण बाहेरचे द्रव्य थांबल्यामुळेच सावरतात, हे नोंदवहीत तरी प्रांजळपणे लिहावे. शुक्रधातू म्हणजे टेस्टोस्टेरॉन असे समीकरण मांडून अहवालातील अंकाला 'शुक्रक्षय' म्हणण्याची घाईही करू नये. त्या धातूची व्याप्ती एका रसायनात मावत नाही.

केस तपासताना

क्रिएटिन सुरू करणाऱ्यांचे वय व पुरुषी टक्कल सुरू होण्याचे वय एकच, विशी ते तिशी. म्हणून दोन गोष्टी एका वर्षात घडणे अपरिहार्य आहे. कानशिलावरील केस मागे सरकले असतील, शेंड्याला विरळता असेल, केस बारीक व आखूड होत चालले असतील आणि वडील वा मामांचीही तशीच कथा असेल, तर हा पुरुषी प्रकार होय. तो पंधरा दिवसांत सुरू होत नाही, कारण केशमूळ आकुंचित होण्यास केसांची अनेक आवर्तने जावी लागतात. 'डबा फोडला आणि आठवड्यात केस गेले' असे सांगणाऱ्याचा कार्यकारणभाव तेथेच मोडतो.

याउलट सर्व डोक्यावरून मूठमूठ केस येत असतील, तर दोन-तीन महिने मागे जाऊन विचारावे. डेंग्यू वा विषमज्वर झाला होता काय? कुस्तीचा वजनगट गाठण्यासाठी जेवण तोडले होते काय? चरकाचार्यांनी खालित्यात केशभूमी दग्ध करणाऱ्या तेजाचा वातादि दोषांसह विचार केला आहे. लंघन, जागरण व अतिव्यायाम यांच्या इतिहासात त्या संप्राप्तीची सामग्री पुरेशी मिळते. त्यासाठी डबा शोधण्याची गरज पडत नाही.

डीएचटीची रक्ततपासणी अशा रुग्णात सहसा लिहू नये. ती महाग आहे आणि तिचा अंक कसाही आला तरी चिकित्सा बदलत नाही. टेस्टोस्टेरॉन लिहावयाचे असल्यास सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे लिहावे. वृक्कासाठी जी तपासतात ती राशी क्रिएटिनिन, हेही रुग्णाला समजावावे. ते क्रिएटिनपासूनच बनते, त्यामुळे भुकटी घेणाऱ्यात अंक किंचित वर दिसतो. आपल्याकडे बोलण्यात दोहोंनाही 'क्रिएटिन' म्हणतात आणि घरभर काळजी पसरते.

रक्त देण्यापूर्वी आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे काय? केस गळणाऱ्या बहुतेक तरुणांच्या खिशात ती असते, बहुधा १० मिलिग्रॅमची. पुष्कळ यंत्रांत संप्रेरके मोजण्याची रीत बायोटिनच्या बंधावरच आधारलेली असते. अशा यंत्रात रक्तातील जादा बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले व एलएच खोटे घटलेले दिसू शकते. म्हणजे निरुपद्रवी गोळी घेणाऱ्याचा अहवाल हुबेहूब टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेणाऱ्यासारखा येतो, आणि आपण एका निरपराध मुलाची उलटतपासणी करीत बसतो. गोळी तीन दिवस थांबवून मग नमुना द्यावा आणि प्रयोगशाळेच्या कागदावर तसे लिहून पाठवावे.